दाराच्या फोटोवर झेंडूचं तोरण: दोरा तिरका, फुलं गोल

दसऱ्याचं शुभेच्छापत्र दसऱ्याच्या आधी चार दिवस तरी तयार लागतं आणि दारावर तोरण चढतं ते दसऱ्याच्या सकाळी. त्यामुळे हाताशी असतो तो मोकळ्या दाराचा फोटो, आणि तोरण त्यावर नंतर चढवावं लागतं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा तोरणाचा समोरून काढलेला एक फोटो घेतला, कापला आणि दाराच्या तिरक्या वरच्या कडेवर ओढून बसवला. कड बरोबर जुळली, खिळेही जागेवर आले. पत्र पाहून आत्याचा फोन आला, "फुलं पिशवीत चेपली होती का रे?"

तिचं बरोबर होतं. दार सपाट असतं, म्हणून ते तिरकं पाहिलं की अरुंद दिसतं. झेंडू सपाट नसतो. चेंडू कुठूनही पाहा, गोलच दिसतो. झेंडूचंही जवळपास तसंच आहे. तिरक्या दारावर दोरा दाराबरोबर तिरका होतो, फुलं लांब जाताना लहान होतात, एकमेकांच्या जास्त आड जातात, पण चेपत नाहीत. सगळं तोरण एकाच वेळी ओढून बसवलं की दोऱ्याबरोबर फुलंही अंड्यासारखी होतात, आणि बघणाऱ्याला नक्की काय चुकलं ते सांगता आलं नाही तरी चुकलंय हे कळतं.

म्हणून खालची पद्धत दोन भागांत चालते. दोरा आणि आंब्याची पानं या सपाट गोष्टी आधी एका साच्यावर काढायच्या आणि साचा दाराबरोबर तिरका करायचा. फुलं मात्र नंतर, एकेक करून, न चेपता त्या दोऱ्यावर ठेवायची. मी GIMP २.१० हा फोटो सुधारायचा प्रोग्राम वापरतो. तो फुकट मिळतो. मेनूची नावं त्यातलीच दिली आहेत.

## आधी दार मोजा

माझं उदाहरण असं आहे. आमच्या दारासमोरचा पॅसेज अरुंद, त्यामुळे समोर उभं राहून अख्खं दार फोटोत मावत नाही. मी डावीकडे सरकून, फोन उभा धरून फोटो काढला. फोटो ३००० × ४००० पिक्सेलचा. फोनची मुख्य लेन्स वापरली; ०.५x ची रुंद लेन्स वापरू नका, ती कडेच्या सरळ रेषांना बाक आणते आणि मग कुठलाच साचा चौकटीवर नीट बसत नाही. फोन पुढे-मागे न कलवता सरळ धरला, म्हणून दाराच्या उभ्या बाजू फोटोतही उभ्याच आल्या.

चौकट बाहेरून बाहेर ४० इंच रुंद आणि ७ फूट म्हणजे ८४ इंच उंच. मोजपट्टी घेऊन ही दोन मापं घ्याच, पुढे सगळं त्यांच्यावर चालतं. आता फोटो GIMP मध्ये उघडा आणि चौकटीच्या चारही कोपऱ्यांवर माउस नेऊन खालच्या पट्टीत दिसणारे आकडे कागदावर लिहून घ्या. पहिला आकडा डावीकडून, दुसरा वरून मोजलेला. माझे असे आले:

डावा वरचा ९९०, १२५०. उजवा वरचा १९४०, १३७५. उजवा खालचा १९४०, ३४७५. डावा खालचा ९९०, ३७७०.

यातून काय कळतं ते बघा. जवळची डावी बाजू ३७७० वजा १२५०, म्हणजे २५२० पिक्सेल उंच. लांबची उजवी बाजू २१०० पिक्सेल. खऱ्या दारात दोन्ही बाजू ८४ इंचांच्याच. म्हणजे डावीकडे एक इंच ३० पिक्सेलचा झाला आणि उजवीकडे २५ चा. फुलांचं माप इथेच ठरलं. माझा झेंडू अडीच इंचांचा, म्हणजे डाव्या टोकाला ७५ पिक्सेल आणि उजव्या टोकाला साधारण ६२. अंदाजाने लहान-मोठं करत बसायची गरज उरत नाही.

एक काळजी घ्या. कोपरे धरायचे ते तोरण ज्या पृष्ठभागावर लटकणार त्याचे, म्हणजे चौकटीच्या पुढच्या दर्शनी बाजूचे. दाराची फळी चौकटीच्या आत दोन-तीन इंच मागे असते. तिचे कोपरे धरले तर तोरण भिंतीत रुतल्यासारखं दिसतं. उंबरठ्याजवळचा कोपरा पायपुसण्याने किंवा चपलांनी झाकला असेल तर चौकटीची उभी कड आणि उंबरठ्याची आडवी कड मनात पुढे वाढवा आणि त्या जिथे मिळतील तो कोपरा धरा.

## तोरणाचा मध्य कुठे

इथे बहुतेक जण फसतात, मीही फसलो होतो. ९९० आणि १९४० यांचा मध्य १४६५ येतो, म्हणून झोळाचा मध्य तिथे धरला. पण तो कागदाचा मध्य आहे, दाराचा नाही. दाराचा जवळचा अर्धा भाग फोटोत जास्त जागा घेतो, लांबचा कमी.

खरा मध्य शोधायला गणित लागत नाही. चौकटीचे दोन कर्ण काढा, डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात आणि उजव्या वरच्यातून डाव्या खालच्यात. ते जिथे एकमेकांना छेदतात तिथून सरळ वर जा. माझे कर्ण १५०८ वर छेदले. म्हणजे चूक ४३ पिक्सेलची, अर्ध्या फुलाहून जास्त. गणेशपट्टीवर मधोमध गणपती असेल तर ही चूक लगेच उघडी पडते, कारण झोळ गणपतीच्या बाजूला सरकलेला दिसतो.

पुढच्या पद्धतीत हा मध्य साचा आपोआप काढून देतो. तरीही कर्ण काढून ठेवा, साचा नीट बसला का ते तपासायला कामी येतात.

## साचा: समोरून पाहिलेलं दार

`File > New` मधून १००० × २१०० पिक्सेलचं नवं चित्र उघडा. `Advanced Options` मध्ये `Fill with` ला `Transparency` निवडा. हे चित्र म्हणजे तुमचं दार, अगदी समोरून पाहिलेलं, एक इंच म्हणजे २५ पिक्सेल. चाळीस इंचांचे १००० आणि ८४ इंचांचे २१००. तुमच्या दाराची मापं वेगळी असतील तर दोन्हींना २५ ने गुणा.

आता दोरा. तोरण मध्ये किती झुकवायचं? ४० इंचांच्या दाराला ५ इंच झोळ शोभतो. फार ताणलेलं तोरण पताकेच्या दोरीसारखं दिसतं, आणि फार सैल सोडलं तर ते कुणाच्या तरी डोक्याला लागेल असं वाटतं. ५ इंच म्हणजे साच्यात १२५ पिक्सेल. `Image > Guides > New Guide` मधून १२५ वर एक आडवी रेषा टाका. मग `Paths` हे साधन घ्या (कळ `B`), डाव्या वरच्या कोपऱ्यावर एक क्लिक, उजव्या वरच्यावर दुसरा, आणि दोघांमधल्या रेषेला बरोबर मधोमध पकडून खाली ओढा. रेषा वाकते. तिचा तळ १२५ च्या रेषेला टेकला की सोडा.

यापुढची युक्ती मला फार आवडते. दोऱ्यावर फुलांच्या जागा हाताने मोजत बसायचं नाही, ब्रशकडून ठिपके टाकून घ्यायचे. अडीच इंचांचं फूल ओवून शेजाऱ्याला टेकलं की दबतं आणि दोऱ्यावर साधारण दोनच इंच जागा घेतं. दोन इंच म्हणजे ५० पिक्सेल. तेव्हा `Paintbrush` निवडा, कडक कडेचा गोल ब्रश घ्या, `Size` १० ठेवा आणि `Spacing` ५०० करा. म्हणजे ब्रशच्या मापाच्या पाचपट अंतरावर, दर ५० पिक्सेलला एक ठिपका पडेल. रंग गडद हिरवा घ्या. आता `Edit > Stroke Path`, त्यात `Stroke with a paint tool` आणि `Paintbrush`. दोऱ्यावर सारख्या अंतराने ठिपके उमटतात.

झोळामुळे दोऱ्याची लांबी ४० इंचांपेक्षा थोडी वाढते, साधारण पावणेदोन इंचांनी. म्हणून शेवटच्या ठिपक्यानंतर एक तुटका तुकडा उरतो. उजव्या कोपऱ्यात हाताने एक ठिपका टाकून तो भागवा. एकूण बावीस ठिपके होतात. दोन्ही टोकांना लोंबत्या माळा हव्या असतील तर कोपऱ्यांपासून सरळ खाली साडेचारशे पिक्सेलचे दोन उभे पाथ काढून त्यांच्यावरही असेच ठिपके टाका. चित्राच्या कडेवरचे ठिपके अर्धे कापले जातात, त्याची चिंता नको, त्यांच्यावर फूल येणार आहे.

आंब्याची पानंही इथेच लावायची. पान सपाट असतं, ते दाराबरोबर अरुंद व्हायलाच हवं. खऱ्या पानाचा फोटो कापून घ्या, लांबी १५० पिक्सेल म्हणजे ६ इंच ठेवा आणि दर तिसऱ्या ठिपक्याखाली एक लटकवा. टोकाच्या ठिपक्यांना पान नको, ते कडेला कापलं जाईल. सगळी पानं एकसारखी नकोत. निदान तीन वेगळी घ्या, एखादं किंचित वळलेलं. पानं वेगवेगळ्या लेअरवर पडली असतील तर शेवटी `Image > Merge Visible Layers` करून एकच लेअर करा. त्या वेळी `Clipped to image` निवडा, म्हणजे लेअरचं माप पूर्ण १००० × २१०० राहील. हे माप बिघडलं तर पुढची पायरी बिघडते. चित्र `toran.xcf` म्हणून जतन करा.

## साचा दारावर

दाराच्या फोटोत परत या. `File > Open as Layers` मधून `toran.xcf` आणा. `Perspective` साधन घ्या (`Shift+P`) आणि लेअरवर क्लिक करा, चार कोपऱ्यांना चार हाताळ्या दिसतील. एकेक हाताळी ओढून कागदावर लिहिलेल्या कोपऱ्यावर ठेवा. आधी चारही जवळपास न्या, मग मोठं करून एकेक नेमकी बसवा, आणि शेवटी `Transform`.

मनासारखं बसलं नाही तर आहे त्यावरच पुन्हा ओढू नका. `Ctrl+Z` करून मूळ साच्यापासून परत सुरू करा. प्रत्येक ओढण्यात पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि तीन वेळा ओढलेलं पान धुकट होतं.

आता दोऱ्याकडे नीट पाहा, शिकण्यासारखं इथेच आहे. ठिपक्यांमधलं अंतर डाव्या टोकाला ५६ पिक्सेलच्या आसपास आहे आणि उजव्या टोकाला ४० च्या. फुलाचं माप ७५ वरून ६२ होतं, म्हणजे सहा भागांचे पाच. पण अंतर त्याहून झपाट्याने घटतं, दहा भागांचे सात. कारण लांब जाण्याने एकदा घटतं आणि तिरकं दिसण्याने पुन्हा घटतं. खऱ्या तोरणाकडे तिरकं उभं राहून पाहा. लांबच्या टोकाला फुलं दाटीवाटीने बसलेली दिसतात, जवळ मोकळी. हाताने अंदाजाने फुलं ठेवणारा माणूस माप लहान करतो, पण अंतर पुरेसं कमी करत नाही. तोरण खोटं दिसण्याचं हे चेपलेल्या फुलांनंतरचं दुसरं कारण.

आणखी एक. झोळाचा सगळ्यात खालचा बिंदू कर्णांनी काढलेल्या मध्यावर येत नाही, तो लांबच्या बाजूला थोडा सरकलेला दिसतो. ती चूक नाही. चौकटीची वरची कडच त्या बाजूला उतरते आहे, म्हणून तसं होतं. ओढून सरळ करायला जाऊ नका.

## फुलं

बाजारातून आठ-दहा फुलं आणा आणि खरोखर सुई-दोऱ्यात ओवा. सुट्या फुलाचा वरून काढलेला फोटो इथे चालत नाही. ओवलेल्या फुलाचं तोंड दोऱ्याच्या दिशेला असतं आणि आपल्याला दिसते ती त्याची कूस, देठाकडचा थोडा हिरवा भाग आणि पाकळ्यांची कड. वरून काढलेली गोल चक्रं दोऱ्यावर मांडली तर तोरण नाही, बिल्ल्यांची रांग दिसते.

चार फुलं बोटभर अंतर सोडून ओवा, दोरा आडवा ताणून धरा आणि फोटो दाराच्या फोटोसारखाच डावीकडून तिरका काढा. उंचीही जुळवा. चौकटीची वरची कड ७ फुटांवर, फोन साधारण ५ फुटांवर, म्हणजे तोरण आपल्याला किंचित खालून दिसतं. फुलं डोळ्यांच्या वर हातभर धरून मागे सरकलं की तसंच दिसेल. आणि शक्य असेल तर हा फोटो त्याच दारात, दिवसाच्या त्याच वेळी काढा. प्रकाशाची दिशा आणि रंग जुळवण्याचं निम्मं काम तिथेच संपतं. उन्हात काढलेला झेंडू सावलीतल्या दारावर पेटल्यासारखा दिसतो आणि तो विझवणं फार अवघड.

झेंडूच्या केशरी रंगाची एक खोड आहे. फोनचा कॅमेरा त्याचा लाल भाग सहज करपवतो. पाकळ्यांमधल्या सावल्या जातात आणि फूल म्हणजे नुसता सपाट केशरी गोळा उरतो. फोटो काढताना पडद्यावर फुलावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा. पाकळ्यांच्या रेघा मोजता आल्या पाहिजेत. कमी उजेडातलं फूल नंतर उजळता येतं, करपलेल्या पाकळ्या परत येत नाहीत.

मागे राखाडी किंवा निळसर सपाट काहीतरी असेल तर कापणं सोपं. फोटो आधी एका फुलापुरता कापा, मग `Fuzzy Select` ने (कळ `U`) मागचा भाग निवडा, `Select > Invert` करा, `Select > Shrink` ने एक पिक्सेल आत घ्या, म्हणजे मागच्या रंगाची किनार उरत नाही. मग `Edit > Copy`, `Edit > Paste as > New Image`. पाकळ्यांच्या दातेरी कडेवर तासभर घालवू नका. हजार पिक्सेलचं फूल ७५ वर येणार आहे, बारीक चुका त्यात विरून जातात. फुलाची मोठी बाजू `Image > Scale Image` ने १५० पिक्सेल करा आणि पुन्हा `Edit > Copy`.

कॉपी केलेलं फूल GIMP मध्ये ब्रश म्हणून वापरता येतं. दाराच्या फोटोत साच्याच्या वर एक नवा पारदर्शक लेअर घ्या, `Paintbrush` निवडा आणि ब्रशांच्या यादीतून `Clipboard Image` घ्या. `Dynamics Off` ठेवा. आता प्रत्येक क्लिकला एक फूल उमटेल.

सुरुवात लांबच्या टोकाकडून करायची, माझ्या फोटोत उजवीकडून. जवळचं फूल लांबच्या फुलाला झाकतं, म्हणून लांबचं आधी. `Size` ६२ वर ठेवून उजव्या खिळ्यावर पहिला क्लिक करा, मग एकेक ठिपका झाकत डावीकडे या. दर तीन फुलांनंतर माप दोनाने वाढवा. ६२, ६४, ६६ असं करत डाव्या टोकाला ७४-७५ वर पोचता. ठिपका फुलाच्या मधोमध यायला हवा, पण एखाद-दोन पिक्सेल वर-खाली झालं तर बरंच. खरा ओवणाराही पट्टी धरून ओवत नाही.

बावीस फुलं एकाच फुलाची असतील तर डोळ्याला लगेच कळतं. चार वेगळी फुलं कापा आणि आलटून पालटून वापरा. पिवळी-केशरी माळ करायची असेल तर चार केशरी, एक पिवळं अशी ठेवण छान दिसते. ब्रशचा `Angle` बदलूनही वेगळेपणा आणता येतो, पण १५ अंशांपलीकडे फिरवू नका. फुलाबरोबर त्याच्यावरचा उजेडही फिरतो, आणि मग एका फुलाला ऊन वरून, शेजारच्याला बाजूने लागल्यासारखं दिसतं.

लोंबत्या माळांमध्ये माप बदलायचं नाही. डाव्या माळेची सगळी फुलं ७५, उजवीची सगळी ६२, कारण प्रत्येक माळ वरपासून खालपर्यंत आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहे.

## सावली दोन जागी पडते

सावलीशिवाय तोरण हवेत तरंगतं. आधी फोटोतच पुरावा शोधा. कोयंड्याची किंवा नावाच्या पाटीची सावली कुठे पडली आहे आणि तिची कड कडक आहे की मऊ, ते पाहा. तोरणाची सावली तशीच हवी.

फुलांच्या लेअरवर `Layer > Transparency > Alpha to Selection` करा. साच्याच्या लेअरखाली नवा लेअर घेऊन निवडलेला भाग भरा. रंग काळा नको, कोयंड्याच्या सावलीतूनच उचला. `Select > None`, मग लेअरचा `Mode` `Multiply` आणि `Opacity` ५० च्या आसपास. `Filters > Blur > Gaussian Blur` ने कड मऊ करा. कोयंड्याच्या सावलीइतकी मऊ झाली की थांबा. पानांसाठीही असाच एक लेअर करा.

आता ती सरकवायची किती? चौकटीवर टेकलेल्या फुलाचा मध्य लाकडापासून सव्वा इंच पुढे असतो. उजेड समोरून वर ४५ अंशांत असेल तर सावली तेवढीच, सव्वा इंच खाली पडते. मधोमध एक इंच २७ पिक्सेलचा आहे, म्हणजे साधारण ३५ पिक्सेल. पण तोरणाचा झोळ चौकटीच्या वरच्या पट्टीखाली उतरतो, आणि तिथे मागे दाराची फळी आहे, ती आणखी तीन इंच आत. तिथे सावली सव्वाचार इंच, म्हणजे ११५ पिक्सेलच्या आसपास खाली पडायला हवी, आणि जास्त मऊ.

म्हणून सावलीचा लेअर दुप्पट करा. एक ३५ पिक्सेल खाली सरकवा आणि `Layer > Mask > Add Layer Mask` करून त्याचा चौकटीबाहेरचा भाग झाका. दुसरा ११५ खाली सरकवा, थोडा जास्त मऊ करा आणि त्याचा फक्त फळीवरचा भाग ठेवा. सावली चौकटीच्या कडेशी तुटते आणि खाली पुन्हा सुरू होते. ही एक तुटलेली सावली नजरेला पटवून देते की तोरण खरोखर पुढे लटकलं आहे. GIMP ची तयार `Drop Shadow` वापरली तर ती सगळीकडे सारखीच पडते आणि दार रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखं होतं.

दार उघडं असेल तर फळीवरची सावली मुळीच नको. आतल्या अंधारात सावली कशी पडेल? हे सांगायला नको असं वाटतं, पण मी उघड्या दाराच्या अंधारावर नाजूक सावली काढलेली पत्रं पाहिली आहेत.

पॅसेजमध्ये नुसता ट्यूबलाइटचा किंवा ढगाळ उजेड असेल तर सावली जवळजवळ दिसतच नाही, फक्त फुलांच्या पाठीमागे लाकूड जरा गडद होतं. तेव्हा `Opacity` २५ पुरे आणि सरकवणंही नाममात्र.

## जुळलं का ते कसं कळेल

पहिली तपासणी रंगाची. फोटोतली सगळ्यात उजळ खरी वस्तू शोधा, बहुधा पांढरी भिंत किंवा पितळी पाटी. तुमचा झेंडू तिच्याहून झगझगीत दिसत असेल तर फुलांच्या लेअरवर `Colors > Curves` घेऊन रेषेचं वरचं टोक थोडं खाली आणा. सावलीतल्या दारावर फुलं फार पिवळट वाटली तर `Colors > Color Temperature` ने किंचित थंड करा.

दुसरी तीक्ष्णपणाची. फोटो पूर्ण मोठा करून चौकटीची कड आणि पाकळीची कड शेजारी शेजारी पाहा. पाकळी जास्त धारदार असेल तर फुलांच्या लेअरला अर्ध्या ते एक पिक्सेलचा `Gaussian Blur` द्या. एवढाच.

तिसरी पर्स्पेक्टिव्हची. `Image > Transform > Flip Horizontally` करून चित्र उलटं पाहा. डोळ्याला सवय झालेल्या चुका उलट्या चित्रात एकदम दिसतात. तोरण एका बाजूला जड वाटलं तर मध्य चुकला आहे, कर्ण पुन्हा तपासा. तोरण दारापासून सुटून आपल्याकडे वळल्यासारखं वाटलं तर लांबची फुलं मोठी राहिली आहेत किंवा तिथली दाटी कमी पडली आहे. पाहून झालं की पुन्हा उलटवा, नाहीतर पाटीवरचं नाव उलटं छापून जाईल.

ही पद्धत कुठे थकते तेही सांगतो. माझं दार फोटोत सुमारे ३० अंश तिरकं आहे, त्याला ती सहज पुरते. ४५ अंशांच्या पुढे गेलात की लांबच्या टोकाला फुलं इतकी एकमेकांच्या आड जातात की प्रत्येकाची फक्त एक कोर दिसते, आणि एका बाजूने काढलेली चार फुलं पुरत नाहीत. पानंही नुसत्या रेघा होतात. अशा वेळी दाराचा फोटोच थोडा कमी तिरका काढून आणणं लवकर होतं.

पत्र छापायचं असेल तर ५ × ७ इंचांच्या कार्डाला ३०० च्या घनतेने १५०० × २१०० पिक्सेल लागतात. आपलं ३००० × ४००० चं चित्र थोडं कापून जवळपास निम्मं केलं की बसतं, आणि सगळ्यात मोठं फूल कागदावर तीन मिलिमीटरचं उरतं. मजकुरासाठी तोरणाखालची फळी मोकळी सोडा. भिंतीवर अक्षरं टाकली तर नजर तोरणाऐवजी तिकडे जाते. छपाईत केशरी रंग पडद्यावरच्यापेक्षा मंद येतो, म्हणून सगळी पत्रं काढण्याआधी एकच प्रत छापून दारात नेऊन उजेडात पाहा. चित्र `XCF` म्हणून लेअरांसकट ठेवा. दिवाळीला दार तेच असतं, फुलांच्या लेअरखाली दोन पणत्या आणि वर आकाशकंदील बसवला की झालं, फक्त पणत्यांचा उजेड खालून आणि पिवळा येतो, तेव्हा सावली नव्याने काढावी लागते.